चोवीस टक्क्यांचे तीन तुकडे

आमची वहिनी कायम दमलेली असते. माझ्या लहानपणापासून मी तिला तशीच बघत आलोय असं म्हटलं असतं, पण ती लग्न होऊन आली तेव्हा मी मिशा फुटलेला घोडा होतो, आणि ती तेव्हा चांगली टुणटुणीत होती. दमली ती बँकेत गेल्यावर. एकतीस वर्षं ती एका बँकेच्या कर्ज विभागात दुसऱ्यांचे ताळेबंद वाचतेय. कुणाला कर्ज हवं असलं की त्याच्या धंद्याचे कागद तिच्या टेबलावर येतात. ती ते वाचते, शिसपेन्सिलीने समासात बारीक आकडे मांडते आणि वर एक पान लिहून पाठवते. कर्ज देणारे वेगळे, घेणारे वेगळे. ही मधल्या मध्ये डोळे फोडून घेते.

तिची एक रीत आहे, सगळ्या बँकेला ठाऊक असलेली. अहवालाची रंगीत पानं, मालकाचा हसरा फोटो, "गौरवशाली वाटचाल" वगैरे ती वाचतच नाही. ती पानं सरळ रबरबँडने बांधून टाकते. आणि "भांडवलावर अमुक टक्के परतावा" असं कुठे दिसलं की त्या आकड्याचे आधी तीन तुकडे करते. नव्याने आलेल्यांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवते. बँकेत तिला "तुकडेवाली बाई" म्हणतात. तिला ते कळलंय, पण रागवायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी एकाच कारखान्यात. पुठ्ठ्याची खोकी करतो आम्ही. मी मशीनवर आणि दादा स्टोअरचा प्रमुख. कागदाच्या रिळांपासून तयार खोक्यांपर्यंत सगळा माल त्याच्या ताब्यात. दादाच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते तेव्हाची ही गोष्ट. मालकांनी कामगारांसाठी योजना काढली: कंपनीचे शेअर घ्या, फंडातून पैसे वळते करू. सोबत एक गुळगुळीत पान वाटलं. त्यावर तीन खांब, एकापेक्षा एक उंच. भांडवलावर परतावा वीस, बावीस, चोवीस टक्के.

दादाने ते पान घरी आणलं. वहिनी नुकतीच आली होती. बँकेत कर्जांच्या नूतनीकरणाचा हंगाम, दिवसाला सहा-सहा फायली. पायातल्या चपला तशाच, खांद्याची पर्स तशीच. दादाने पान तिच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "कसंय गं?" तिने खांबांकडे एक नजर टाकली, म्हणाली, "चांगलंय की," आणि तोंड धुवायला गेली. मी तिथेच बसलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत झालं हे.

एवढंसं बोलणं. पण दादाच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याची कॉलर ताठ. "अरे, एकतीस वर्षं ताळेबंद वाचणारी बाई आहे आमच्या घरात. ती चांगलं म्हणाली." त्याच्या स्टोअरमधल्या नऊ जणांनी फॉर्म भरले. दहावा मी. मी तर दादाच्या शब्दावर विहिरीतसुद्धा उतरेन, पोहता येत नसताना.

फॉर्म सोमवारी द्यायचे होते. रविवारी दुपारी दादाने आपला फॉर्म वहिनीपुढे सरकवला. साक्षीदाराची सही हवी होती. ती कपडे घड्या करत होती.

"किती टाकताय?" तिने सहज विचारलं.

"सगळे."

तिच्या हातातला टॉवेल थांबला. "सगळे म्हणजे? फंड सगळा? अहो, कशाच्या जोरावर?"

"कशाच्या म्हणजे? तूच म्हणालीस ना, चांगलंय. पोरांनीपण भरलेत. दहा जण आहेत."

वहिनी एकदम खाली बसली. मग उठली, तोंड धुऊन आली आणि टेबलाशी खुर्ची ओढली. "ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक आणा. या वर्षीचं आणि दोन वर्षांपूर्वीचं. खांब नकोत मला."

दादाच्या कपाटात कंपनीचा प्रत्येक अहवाल तारखेवार लावलेला. वाचलेला एकही नाही. त्याने दोन काढून दिले. वहिनीने रंगीत पानं रबरबँडने बांधली आणि पेन्सिलीला टोक केलं.

"दोन वर्षांपूर्वी," ती मला सांगू लागली, कारण दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता, "विक्री चाळीस कोटी, निव्वळ नफा दोन पॉइंट चार. म्हणजे शंभराच्या विक्रीत सहा उरले. हा पहिला तुकडा. मालमत्ता वीस कोटी, म्हणजे विक्री मालमत्तेच्या दुप्पट. हा दुसरा. मालकांचं स्वतःचं भांडवल बारा. वीस भागिले बारा, एक पॉइंट सहा सात. हा तिसरा. तिघांचा गुणाकार कर."

मी मोबाइलवर केला. वीस आले, जवळजवळ.

"आता या वर्षी. विक्री पंचेचाळीस, नफा एक पॉइंट आठ. शंभरात चार. मालमत्ता तीस झाली, तर विक्री तिच्या दीडपटच. आणि भांडवल साडेसात. तीस भागिले साडेसात, चार पट. कर."

चार गुणिले दीड, गुणिले चार. चोवीस.

"म्हणजे बरोबरच आहे की त्यांचं," मी म्हणालो.

"बरोबरच आहे. चूक असतं तर बरं झालं असतं, कुणीतरी पकडलं असतं." तिने कपाळ चोळलं. "बघ. नफा उरण्याचं प्रमाण घटलं, मालमत्ता कामाला लावण्याचं घटलं. वाढला तो तिसरा तुकडा. तो हुशारीचा नाही, उसनवारीचा आहे. भांडवल बारावरून साडेसातवर का आलं?"

ते मला माहीत होतं. मालकांचा धाकटा भाऊ वेगळा झाला, त्याचा हिस्सा कंपनीनेच कर्ज काढून विकत घेतला.

"तेच. भांडवल आटलं की भागाकार आपोआप फुगतो. नफा कमी होऊनसुद्धा टक्के वाढले ते त्यामुळे. पूर्वी मालकाच्या एका रुपयामागे लोकांचं देणं सदुसष्ट पैसे होतं. आता तीन रुपये. व्याज आणि कर जाण्याआधीचा नफा पूर्वी व्याजाच्या नऊपट होता, आता सव्वादोनपटही नाही." मग तिने मान वर केली. "एक आहे. तो व्याजाआधीचा नफा वाढलाय. तीन पॉइंट सहाचा चार पॉइंट चार झालाय. तुमचं काम चोख आहे रे. पण मिळवलेलं व्याजात जातंय."

मला ते ऐकून बरं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी फार वाईट वाटलं. आम्ही दोन वर्षं मशीनला घाम पाजला होता.

वहिनी पुढे निघाली होती. "वर्षभरात द्यायचं देणं बारा कोटी, वर्षभरात हाती येणारं पंधरा. करंट रेशो सव्वा. तसा तगून जाईल. पण या पंधरात आठ नुसता माल आहे. तो वजा केला की सात. सात भागिले बारा, साठसुद्धा नाहीत शंभराला. म्हणजे सगळं या मालावर अडलंय. तो वेळेवर विकला गेला तर ठीक."

तेव्हा खिडकीकडून दादाचा आवाज आला. "नाही जायचा."

आम्ही दोघांनी तिकडे बघितलं.

"आठातला निम्मा नाही जायचा. ती छापील खोकी आहेत, त्या बिस्किटवाल्याची. त्याचा धंदा बंद पडून दीड वर्ष झालं. नाव छापलंय, दुसरा कोण घेणार? आणि मागच्या शेडमधली रिळं भिजलेली. भंगारात फुकट नेईल कुणी."

"मग ती पूर्ण किमतीला इथे कशी?" वहिनीने पानावर बोट ठेवलं. "माल मोजून, तपासून यादीवर कोण सही करतं?"

एकवीस वर्षं दर वर्षअखेरीला ती सही दादाचीच. मालक म्हणाले होते, या वर्षी राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. दादाला ती रिळं रोज दिसत होती. पण या पानावर ती आठ कोटींत धरली जातात, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आणि वहिनी असे आठ कोटी रोज वाचत होती, पण ती रिळं तिने कधी बघितली नव्हती. पस्तीस वर्षांचा संसार, आणि दोघं कामाबद्दल घरात चकार शब्द काढत नाहीत. दमून येतात, जेवतात, झोपतात.

तिने पेन्सिलीने शेवटचं मांडलं, फार हळू. आठातले चार गेले तर हाती येणारे पंधराचे अकरा. देणं बारा. भांडवल साडेसातचं साडेतीन. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "बँकेत पोरींना ओरडते, एका आकड्यावर बोलू नका म्हणून. आणि घरच्या माणसाला चपला न काढता सांगून मोकळी झाले."

मला वाटलं दादा आता बोलेल, तुझं नाही गं, माझं. तो उठून आत गेला. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा त्याचा राग आला.

सोमवारी वहिनीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या कँटीनमध्ये आली. नऊ जणांसमोर उभं राहून तिने सांगितलं, मी न वाचता चांगलं म्हटलं होतं, आता वाचलंय, फॉर्म देऊ नका. ट्रॉली ओढणारे काका म्हणाले, "म्हणजे चोवीस टक्के खोटे आहेत का बाई?" ती म्हणाली, "नाही. खरे आहेत." त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तिने तुकडे समजावले, पण कँटीनच्या गोंगाटात तुकडे कोण ऐकतो. एकजण मागून बोललाच, "परवा चांगलं, आज वाईट. बायकांचं असंच." वहिनीचा चेहरा पार उतरला.

तेव्हा दादा उठला. ताट तसंच ठेवून.

"मागच्या शेडमधली रिळं बघितलीत ना सगळ्यांनी?" तो म्हणाला. "ती तुम्हीच रचलीत. बिस्किटवाल्याची खोकीपण. तो माल चांगला आहे म्हणून कागदावर सही माझी आहे. त्या सहीवर हे चोवीस टक्के उभे आहेत. मी खोटी सही केली. आता ठरवा."

काकांनी खिशातून फॉर्म काढला, चार घड्या केल्या आणि परत खिशात ठेवला. संध्याकाळपर्यंत दहापैकी एकही फॉर्म ऑफिसात गेला नाही, दादाचाही नाही. आणि बातमी मात्र गेली. आठवड्याच्या आत दादाची बदली गेटवरच्या रजिस्टरवर झाली. उरलेले पाच महिने तो येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहीत बसला. यादीवर सही करायला दुसरा आला. त्याने काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही.

दादा निवृत्त झाला त्या संध्याकाळी फंडाचा चेक घेऊन आला. वहिनी नुकतीच दारातून आत येत होती, खांद्याला पर्स, पायात चपला. त्याने चेक तिच्यापुढे धरला. "कुठे ठेवायचे गं?"

तिने चेककडे बघितलंसुद्धा नाही. "आत्ता नको," ती म्हणाली. "मी दमलेय. रविवारी बघते."

दादाने चेक घडी न करता कपाटात ठेवला आणि तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली.