फरशीला टेकलेली रांगोळी

दीपा माझ्या राजारामपुरीतल्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायची. २००४ सालची गोष्ट. मी आपला गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस. पोट आत घ्या, टक्कल झाका, असल्या मागण्या ऐकून माझं डोकं फिरायचं. ही पोरगी शांतपणे माउस हलवत राहायची.

एका दुपारी गुळाचे व्यापारी रुद्राप्पा एक फोटो घेऊन आले. कागलकडचं त्यांचं घर रस्ता रुंद करताना गेलं होतं. पाडायच्या आदल्या दिवशी मुलानं अंगणाचा फोटो काढून ठेवलेला. शहाबादी फरशी, तुळशीकट्टा, कडुलिंबाची सावली. सगळं जागच्या जागी, पण फरशी मोकळी.

"रोज रांगोळी घालायची माझी बायको, नीलम्मा," रुद्राप्पा म्हणाले. "त्या दिवशी घातली न्हाई. सोडून जायच्या घराला कशाला, म्हणली. नव्या घरी आलो आन् तिला लकवा झाला. उजवा हात गेला. आता भिताडाकडं तोंड करून बसती. बोललीच तर एवढंच, अंगण उघडं टाकून आले. ह्या फोटोत तिची रांगोळी घालून द्या, बाळासो. तेवढी तरी बघू दे तिला."

"हात्तिच्या! रांगोळ्यांची सीडी हाय की आपल्याकडं," मी म्हटलं.

"सीडीतली न्हाय चालणार," दीपा म्हणाली. "नीलम्मा अव्वांचीच पाहिजे."

ती काळा कागद घेऊन त्यांच्या घरी गेली. नीलम्मा डाव्या बोटानं दाखवायच्या, ही ठिपके मांडून रेघा जोडायची. चुकलं की नीलम्मा मान हलवायच्या. शेवटी कागद जमिनीवर ठेवून दीपानं बरोबर वरून फोटो काढला. मग फोटोशॉपमध्ये काळा कागद नाहीसा करून नुसत्या पांढऱ्या रेघा तिनं अंगणावर आणल्या. अंदाजानं वरची बाजू थोडी अरुंद केली आणि लहान प्रिंट दाखवायला नेली.

नीलम्मांनी बघितलं. "उभी हाय. पडंल," एवढंच म्हणाल्या आणि परत भिंतीकडं वळल्या.

मी भडकलो. "घ्या! ह्यांची कटकट आपल्या गळ्यात!"

"सर, बरोबर बोलल्या त्या," दीपा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "अंगणात निजायला पाहिजे. माझी भिंतीवरच्या कॅलेंडरासारखी लटकलीया."

रांगोळी किती फरशा अडवायची, ते तिनं रुद्राप्पांना फोनवर विचारलं. चार आडव्या, चार उभ्या. मग फोटोतल्या नेमक्या तेवढ्या फरशांच्या सांध्यांवर तिनं रांगोळीचे चारही कोपरे ओढून बसवले. जवळचे ठिपके मोठे, मोकळे झाले. तुळशीकडचे बारीक होत दाटीनं एकमेकांजवळ गेले. मी खुर्चीतून उठलो. आयला, माझ्या डोळ्यांदेखत रांगोळी आडवी झाली की!

"झालं की गं!"

"तरंगतीया अजून."

तिनं फरशीची काळीपांढरी प्रत काढली, थोडी धूसर केली आणि तिच्यातल्या उजेड-अंधारावरून कॉम्प्युटरला रांगोळीची रेघ सरकवायला लावली. सरळसोट रेघ खडबडीत दगडावर हलकीशी थरथरली, सांध्यावर किंचित खाली बसली. फरशीचा रवाळपणा पांढऱ्यातून जरासा दिसू दिला. शेवटी कडुलिंबाची सावली रांगोळीवरूनही नेली, तिथला पांढरा रंग मंद केला. मी इतकी वर्षं फोटोत घालवली, पण असलं काही बघितलं नव्हतं. ते घर आता पृथ्वीवर नव्हतं, आणि त्याच्या अंगणात कुणीतरी आत्ताच रांगोळी घालून उठलं होतं.

मोठी प्रिंट घेऊन आम्ही दोघं गेलो. नीलम्मा जमिनीवर चटईवर बसल्या होत्या, तोंड भिंतीकडं. दीपानं प्रिंट त्यांच्या बाजूला फरशीवरच अंथरली. "अव्वा, बघा की."

त्या वळल्या. कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग डाव्या हाताचं बोट रेघेच्या वर, जरा अंतर ठेवून, फिरवत गेल्या. सावलीपाशी बोट थांबलं, पुढं सरकलं. आता काय म्हणतील, देव जाणे.

तेवढ्यात रुद्राप्पा आतून चहा घेऊन आले. त्यांचं लक्ष कपांवर, पाऊल पडणार ते नेमकं प्रिंटच्या कडेवर.

"आवं!" नीलम्मा ओरडल्या. घर दणाणलं. "बाजूनं! रांगोळी हाय न्हवं तितं!"

रुद्राप्पा पाय उचललेलाच ठेवून थांबले. चहा बशीत सांडला. त्यांच्या गालावरून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते भिंतीला घासून, लांबनं वळसा घालून आले.

चहा घेऊन आम्ही निघालो. माझ्या चपला पलीकडं, दाराशी होत्या. मी पण बाजूनंच गेलो.