डोंगराआधी फिकी झालेली इमारत

त्या सभेची आठवण झाली की मला अजून राग येतो, आणि तो ओसरावा असं मला मुळीच वाटत नाही. लोक म्हणतात, झालं गेलं विसरा. ज्यांच्या घरात ऊन येतं त्यांना हे म्हणायला सोपं आहे.

तेव्हा मी सदाशिव पेठेत, दोन क्लासांच्या मधे अडकलेल्या एका ऑफिसात बिल्डरांची माहितीपत्रकं करायचो. पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि जो तो जमिनीचा तुकडा दिसेल तिथे फ्लॅट काढत होता. इमारत नुसती कागदावर असायची, पण लोकांना ती फोटोत उभी दिसायला हवी असायची. ती उभी करणं हे माझं काम. तिच्या मागे डोंगर नसेल तर तोही मीच आणायचो. एकच कडा मी शहराच्या चारही दिशांना नेऊन ठेवला आहे आणि एकाही गिऱ्हाइकाने तो ओळखला नाही.

डोंगर आणणं सोपं असतं, तो लांब नेणं अवघड. फोटोत नुसता चिकटवला तर तो कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेल्या थर्माकोलच्या देखाव्यासारखा दिसतो. आपल्या आणि डोंगराच्या मधे हवा असते, हवेत धूळ आणि बाष्प असतं, आणि जितकं अंतर जास्त तितकं हे सगळं मधे जास्त येतं. म्हणून लांबच्या वस्तूतला काळा रंग काळा राहत नाही, सावल्या उजळतात, हिरवा रंग मरतो आणि सगळं क्षितिजाजवळच्या आकाशाच्या रंगाकडे झुकतं. पायथ्याशी हे धुरकटपण दाट, माथ्यावर विरळ. ते करायचं तर त्याच फोटोतल्या क्षितिजाचा रंग उचलायचा आणि त्याचा पातळ थर डोंगरावर चढवायचा, मागच्या रांगेवर जास्त, पुढच्या रांगेवर कमी. उगाच पांढरा फासला की तो चुना दिसतो. हे सगळं मी पाच-सहा वर्षं करत होतो आणि मला ते चांगलं येत होतं.

आम्ही बिबवेवाडीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा मिळालेले सगळे पैसे त्या फ्लॅटमध्ये घातलेले. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि नंतर तिचं चालणं पलंगापासून मोरीपर्यंतच उरलं. पलंग आम्ही दक्षिणेच्या खिडकीपाशी लावला होता. थंडीत सकाळपासून तिच्या पायांवर ऊन असायचं. खिडकीतून मोकळा प्लॉट, त्यापलीकडे झाडं आणि मग डोंगर. "आज धुऊन ठेवलाय," असं ती कधी म्हणायची, तर कधी, "आज कुठे गेला कोण जाणे." तिच्या दिवसभराच्या बातम्या तेवढ्याच होत्या आणि त्या ती ठसक्यात द्यायची.

मग तो मोकळा प्लॉट एका बिल्डरने घेतला. तिथे सात मजली इमारत होणार होती. त्याला आमच्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यावरून ये-जा हवी होती आणि त्यासाठी सगळ्या सभासदांची लेखी संमती लागणार होती. आम्ही रस्ता दिला तर इमारत आमच्या भिंतीला लागून उभी राहणार. नाही दिला तर तिचं तोंड पलीकडच्या रस्त्याला करावं लागणार आणि ती मागे, डोंगराच्या बाजूला सरकणार. म्हणजे आईची खिडकी आमच्या सह्यांवर अवलंबून होती. मी हे घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू, सभेत काय म्हणतात ते."

सभा पार्किंगमध्ये झाली. बिल्डरचा माणूस आला, टाय लावलेला, फार गोड. संमतीच्या बदल्यात तो सोसायटीला रंग देणार होता आणि नवीन गेट बसवून देणार होता. त्याने एक मोठं रंगीत चित्र स्टँडवर ठेवलं. आमच्याच गच्चीवरून काढलेला फोटो, त्यात त्यांची इमारत बसवलेली. डोंगराच्या पायथ्याशी, लहानशी, फिकी निळसर, नाजूक. "बघा, तुमच्या व्ह्यूला काहीही होत नाही," तो म्हणाला. बायका पुढे होऊन बघून आल्या. आमचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "छानच आहे की."

मी उठलो. फोटो पाऊस उघडल्यानंतरच्या सकाळचा होता. मागचा डोंगर इतका स्वच्छ होता की कपारी मोजता आल्या असत्या. आणि त्याच्या पुढे असलेली इमारत मात्र डोंगरापेक्षा फिकी होती. पुढची वस्तू मागच्या वस्तूपेक्षा धुरकट कशी असेल? मी म्हणालो, "हे चित्र खोटं आहे. इमारत मुद्दाम धुरकट केली आहे, म्हणजे ती लांब वाटावी. आकारही लहान केलाय. भिंतीपासून किती फुटांवर येणार आहे, ते यांना विचारा."

फुटांचं कोणी विचारलं नाही. सगळ्यांना धुरकटपणाचं कुतूहल वाटलं. "अहो, हे तुम्हाला कसं कळलं?" सेक्रेटरींनी विचारलं. मी स्टँडपाशी जाऊन बोटाने दाखवलं: डोंगरातली सर्वात गडद सावली ही, इमारतीतली ही, आणि ही डोंगराच्या सावलीहून उजळ आहे. बिल्डरचा माणूस माझ्या शेजारी उभा राहून मान डोलवत होता. "सर, फार बारीक नजर आहे तुमची," तो म्हणाला. "मी ऑफिसला सांगतो." सह्या पुढच्या सभेवर गेल्या. घरी आल्यावर आईने विचारलं, काय झालं. बाबा म्हणाले, "त्याने सगळ्यांना गप्प केलं." त्यांना माझा अभिमान वाटला होता, ते स्पष्ट दिसत होतं.

पुढच्या सभेसाठी मी माझं चित्र तयार केलं. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. आईच्या खिडकीतून फोटो काढला आणि महापालिकेच्या नियमाप्रमाणे भिंतीपासून जेवढं अंतर सोडावं लागतं तेवढ्यावर सात मजले उभे केले. त्यावर एक कणही धुरकटपणा टाकला नाही, कारण तेवढ्या अंतरात हवा काही करत नाही. गॅलऱ्यांखालच्या सावल्या काळ्या, भिंतीच्या कडा धारदार, उन्हाची बाजू झगझगीत. डोंगर दिसतच नव्हता. खिडकी भरून सिमेंट. मला वाटलं, हे बघितल्यावर बोलायची गरजच पडणार नाही.

बिल्डरचा माणूस नवीन चित्र घेऊन आला होता. मी ते पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. फोटो तोच, पण आता डोंगराच्या दोन रांगा वेगळ्या काढलेल्या. मागची जवळजवळ आकाशाच्या रंगाची, पुढची तिच्याहून गडद, पायथ्याशी दाट थर आणि वर विरत गेलेला. इमारत दोन्हींपेक्षा किंचित गडद. आमच्या भिंतीलगतची चिंच मात्र मुद्दाम कडक आणि काळी ठेवलेली, म्हणजे तिच्यामागची प्रत्येक गोष्ट आणखी मागे ढकलली जावी. निर्दोष काम होतं. इमारत मात्र होती तिथेच, तेवढीच लहान. मी दाखवलेली चूक त्यांनी दुरुस्त केली होती; खोटेपणा तसाच ठेवून.

"सरांनी मागच्या वेळी सांगितलं, त्याप्रमाणे करून आणलंय," तो माणूस हसून म्हणाला. "सरांचे आभार."

मी माझं चित्र स्टँडवर लावलं. अंतर सांगितलं, उंची सांगितली. लोक बघत राहिले, मग एकमेकांकडे बघायला लागले.

"हे काही खरं वाटत नाही," तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. त्यांचा मुलगा अमेरिकेत कंप्युटरवर होता, त्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं. "इमारत चिकटवल्यासारखी दिसतेय."

"बरोबर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "हिच्यावर धुकं कुठेय? तुम्हीच म्हणालात ना, धुकं चुकलं की चित्र खोटं?"

"लांबच्या वस्तूवर," मी म्हणालो. "ही जवळ आहे. जवळच्या वस्तूवर धुकं नसतं. तुमच्यावर आहे का आत्ता?"

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. "हे बघा, तुमची हरकत धुक्याला होती. त्यांनी ती मान्य केली, खर्च करून नवीन चित्र आणलं. आता तुम्ही फुटांवर आलात. उद्या आणखी कशावर याल. माणसाने कुठेतरी समाधान मानावं."

"मी पहिल्या दिवसापासून फूटच विचारतोय," मी ओरडलो. "नकाशा आणा म्हणावं. चित्र कशाला दाखवतात?"

"सर, नकाशा मंजुरीला गेलाय," तो माणूस म्हणाला. "आणि चित्र फक्त अंदाज यावा म्हणून असतं." हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, मोठ्याने, आणि तरीही कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. नवीन गेट कुठल्या रंगाचं असेल, असं एका बाईंनी विचारलं. मला त्या क्षणी तो स्टँड उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला. फेकला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सह्या सुरू झाल्या. फ्लॅट बाबांच्या नावावर होता. ते उठले, दोन्ही चित्रांसमोर जाऊन उभे राहिले, चष्मा लावून बिल्डरचं चित्र नीट पाहिलं. डोंगराच्या सावलीवर बोट ठेवलं, मग इमारतीच्या सावलीवर, मी शिकवलं होतं अगदी तसं. मला वाटलं, आता तरी ते काही बोलतील. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बरोबर आहे रे. तू म्हणाला होतास तसंच आहे." आणि त्यांनी सही केली.

इमारत वर्षभरात झाली. माझ्या चित्रात होती तिथे, तेवढीच. सोसायटीला गुलाबी रंग लागला. सेक्रेटरी जिन्यात भेटले की म्हणायचे, "तुमचा अंदाज बरोबर निघाला हो," जणू मी पावसाचा अंदाज सांगितला होता. मी उत्तर देणं बंद केलं. त्यांना वाटलं, मी तुसडा आहे. आहेच.

आईच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळ, एका घराची मोरी आली. त्या हिवाळ्यात ती दिवसाही दोन चादरी घेऊन पडलेली असायची. एकदा मी घरी आलो तर बाबा तिच्याजवळ बसून तिचे पाय हातांनी चोळत होते. खिडकीकडे पाठ करून. मला बघून ते म्हणाले, "गार पडतात." मी चपला काढल्या आणि दुसरा पाय चोळायला बसलो. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. आईचा पाय माझ्या हातात दगडासारखा थंड होता.