नाल्यातली एकोणीस घरं

घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांची पाहणी आम्ही एका नगरपालिकेसाठी केली होती. गाव सांगलीपासून तासाभरावर. आमचं कार्यालय विश्रामबागेत, दोन खोल्यांचं. पाहणी करणाऱ्या बायका त्या त्या वस्तीतल्याच होत्या. त्या घरोघर जायच्या, मोबाइलमधला फॉर्म भरायच्या आणि दारात उभं राहून जागेचा ठिपका नोंदवायच्या. सहाशे बारा घरं झाली. त्यांच्या प्रभागवार याद्या आम्ही द्यायच्या आणि त्या याद्यांवरून नगरपालिकेच्या परिचारिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन मलमपट्टी, औषधं बघणार, असं ठरलं होतं. एका प्रभागाला एक परिचारिका. तिच्या यादीत नाव नसेल, तर ती दारात येणार नाही. सगळं काम एवढ्यावर उभं होतं.

याद्या करायचं काम माझं. साताऱ्यात नोकरीला लागले तेव्हा, नव्वदच्या दशकात, हेच काम आम्ही ट्रेसिंग पेपरवर करायचो. खाली प्रभागांचा नकाशा, वर ट्रेसिंग, त्यावर शाईचे ठिपके, आणि मग एकेका प्रभागातले ठिपके बोटानं मोजायचे. दिवस जायचे. आता क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत ते काही सेकंदांत होतं. ठिपक्यांचा एक थर, प्रभागांच्या हद्दींचा दुसरा. दोन्ही थर एकाच निर्देशक पद्धतीत आहेत ना हे बघायचं आणि ‘जॉइन अॅट्रिब्यूट्स बाय लोकेशन’ चालवायचं. जो ठिपका ज्या हद्दीच्या आत पडतो, त्याला त्या प्रभागाचा क्रमांक चिकटतो.

ही जोडणी चालवताना उघडणाऱ्या खिडकीत एक चौकोन असतो. ज्या नोंदी जुळल्या नाहीत त्या वगळायच्या का, असं तो विचारतो. मी तिथे खूण केली. मला रिकाम्या जागा असलेला तक्ता आवडत नाही, नगरपालिकेच्या कारकुनाला तर मुळीच आवडत नाही. काम पूर्ण झाल्यावर खालच्या नोंदीत किती ठिपके जुळले आणि किती जुळले नाहीत हे लिहून येतं. मी ते न वाचता खिडकी बंद केली. याद्या छापल्या, सह्या झाल्या, परिचारिका कामाला लागल्या.

पाच आठवड्यांनी आमच्या पाहणी करणाऱ्यांपैकी एक बाई विश्रामबागेत आली. तिशीतली, नवरा कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. प्रभाग चार आणि पाच यांच्यामधून नाला जातो, त्याच्या काठच्या वस्तीची पाहणी तिनं केली होती. ती स्वतःही तिथेच राहायची. सासरे पूर्वी गाद्या पिंजायचे, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला तेव्हापासून पडून. त्यांचाही फॉर्म तिनंच भरला होता.

ती बसली नाही. पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि सांगायला लागली. आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांत सिस्टर येते, आमच्या गल्लीत एकदाही आली नाही. चारच्या सिस्टरला विचारलं तर म्हणाली पाचची बघेल, पाचची म्हणाली चारची. दोघींनी याद्या काढून दाखवल्या. दोन्हींत नाव नव्हतं. गल्लीतल्या बायका आता हिच्याशी धड बोलत नव्हत्या. फोनमध्ये घरं टिपून नेली आणि कुणाला विकली, असं एकीनं तोंडावर म्हटलं होतं.

“मॅडम, मी पाठवलेलं तुमाला मिळालंच न्हाई का?” तिनं विचारलं. “न्हाई मिळालं तर तसं सांगा. माझी चूक आसंल तर मी परत भरते. पर अब्बांच्या पाठीला जखम झालीया, आन् आता वास येतोय.”

मी मूळ फाइल उघडली. तिची एकोणीस घरं त्यात होती, वेळेसकट. मग याद्यांची बेरीज केली. पाचशे त्र्याण्णव. सहाशे बारातून गेली नेमकी एकोणीस. ही वजाबाकी मी पाच आठवड्यांपूर्वी करायला हवी होती. तिला एक मिनिटही लागत नाही.

खूण काढून जोडणी पुन्हा चालवली. या वेळी सगळ्या नोंदी आल्या आणि एकोणीस ओळींत प्रभागाचा रकाना रिकामा. त्या ओळी निवडल्यावर नकाशावर पिवळे ठिपके उजळले. नाल्याच्या कडेनं एकाखाली एक, माळेसारखे. जवळ जाऊन बघितलं तेव्हा दिसलं की प्रभाग चारची हद्द आणि प्रभाग पाचची हद्द एकमेकींना टेकतच नव्हत्या. मध्ये एक अरुंद पांढरी पट्टी होती. तिची गल्ली त्या पट्टीत होती.

हद्दी आमच्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी काढल्या होत्या. भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले, हात अत्यंत स्वच्छ, बोलणं तिखट. मी त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मी कागदावर होतं तसं काढलं. कागदानं जमीन सोडली असेल, तर मी ती कुठून आणू?”

ते खोटं बोलत नव्हते. नगरपालिकेनं आम्हाला सबंध गावाचा नकाशा दिलाच नव्हता. प्रत्येक प्रभागाचा वेगळा कागद दिला होता, आणि प्रत्येक कागद वेगळ्या माणसानं केलेला. दोघांनीही हद्द म्हणून नालाच धरला होता. चारच्या कागदावर रेघ अलीकडच्या काठावर, पाचच्या कागदावर पलीकडच्या. प्रत्येकानं आपल्यापुरता काठ धरला. नाला पूर्वी रुंद होता. मग भिंत बांधून तो आवळला, मोकळी जागा राहिली आणि तिथे लोक राहायला आले. दोन काठांच्या मध्ये.

आमच्या गृहस्थांनी उपायही लगेच सांगितला. “जवळच्या हद्दीला जोडणारी दुसरी सोय आहे की त्यात. लावा. निम्मी इकडे जातील, निम्मी तिकडे. जेवणापूर्वी मोकळ्या व्हाल.”

मी ते करून बघितलं. अकरा घरं चारला लागली, आठ पाचला. तिच्या डाव्या बाजूचं घर चारमध्ये, उजव्या बाजूचं पाचमध्ये. रकाने सगळे भरले होते, तक्ता सुंदर दिसत होता. पण जवळ असणं आणि आत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे अंतर मोजून काढलेलं उत्तर होतं, खरा प्रभाग कुठला हे त्यातून कळत नव्हतं. अशी यादी दिली असती, तर त्या दोन परिचारिकांनी पुन्हा एकमेकींकडे बोट दाखवलं असतं.

ती अजून उभीच होती. आमचं बोलणं तिला किती कळत होतं याचा मी विचार केला नव्हता. ती म्हणाली, “मत कुठं टाकतो ते इचारा की. आमी समदी पाचमधी टाकतो. निवडणुकीला पाचचाच माणूस हात जोडत येतो, चारचा कवा फिरकत न्हाई.”

आमच्या गृहस्थांनी चष्मा खाली घेतला. “ही बाई तुमच्यापेक्षा हुशार आहे,” ते मला म्हणाले. “माझ्यापेक्षाही, पण ते मी लेखी देणार नाही.”

त्याच दुपारी मी नगरपालिकेत गेले. प्रभागरचनेच्या अधिसूचनेत पाचच्या हद्दीचं वर्णन शब्दांत होतं आणि त्यात त्या वस्तीचा उल्लेख स्पष्ट होता. मतदार यादीही तेच सांगत होती. शब्द बरोबर होते, रेघ चुकली होती. परत येऊन आम्ही पाचची हद्द दुरुस्त केली. या वेळी स्नॅपिंग चालू ठेवून, म्हणजे शेजारच्या दोन हद्दींचे बिंदू एकमेकांवर अचूक बसतील. फट जाऊन त्या जागी दोन हद्दी एकमेकींवर चढल्या तर एकाच घराची नोंद दोनदा येते, म्हणून प्रत्येक जुळणारी हद्द दाखवायला सांगून जोडणी एकदा तपासली. सहाशे बारा ठिपके दिले, सहाशे बारा ओळी आल्या, एकही रिकामी नाही. खिडकीतली खालची नोंद या वेळी शेवटपर्यंत वाचली.

नगरपालिकेला द्यायच्या पत्रात मी पहिल्यांदा ‘तांत्रिक कारणाने’ असं लिहिलं होतं. ती बाई अजून थांबली होती, माझ्या टेबलासमोर; तिनं कागद उलटा असूनही वाचला. मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. जुळत नसलेल्या नोंदी वगळण्याचा पर्याय मी निवडला आणि बेरीज तपासली नाही, असं त्यात होतं. आमच्या संस्थेच्या सचिवांना ते आवडलं नाही. पत्र गेलं.

पाचच्या परिचारिकेसोबत दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गल्लीत गेले. सासऱ्यांना कुशीवर वळवल्यावर परिचारिकेनं माझ्याकडे बघितलं आणि गाडी बोलवायला सांगितलं. जखम हाडापर्यंत गेली होती. त्यांच्या मुलानं त्यांना मिरजेच्या इस्पितळात नेऊन दाखल केलं. ते महिनाभरानं परत आले, पण मला त्या सकाळी ते माहीत नव्हतं. सुनेनं त्यांचे कपडे भरले. मग तिनं मला विचारलं, “बाकीच्या घरी कोण सांगणार?”

मी सांगणार होतेच. पण तिनं विचारलं नसतं, तर मी बहुधा परिचारिकेकरवी सांगितलं असतं.

आम्ही दोघी घरोघर गेलो, परिचारिका मागोमाग रुग्णांना तपासत. मी प्रत्येक दारात तेच बोलले. हिनं तुमचं घर व्यवस्थित लिहून दिलं होतं, यादी मी केली, माझ्याकडून तुमची नावं गळली. लोकांनी ऐकून घेतलं. एकानं चहा दिला. तोंडावर बोलणारी ती बाई आत निघून गेली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन हिला म्हणाली, “बस की गं, उभी का?” तेवढंच.

तेराव्या दाराशी एक मुलगी भांडी घासत होती, वीस-बावीसची. तिची आई यादीत होती, कॅन्सरची. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा सोबतच्या बाईनं माझा दंड धरला, पण मी वाक्य पुरं केलं होतं. आई वारून अठरा दिवस झाले होते. परिचारिका आली असती तरी ती वाचली नसती, हे मला माहीत होतं. तिचं दुखणं मात्र थोडं कमी झालं असतं. हे दुसरं मी बोलले नाही, आणि पहिलंही नाही.

मुलीनं हात धुतले, ओढणीला पुसले.

“मंग आता यादीत आईचं नाव हाय?”

“आहे,” मी म्हटलं. “कालच घातलं.”

तिनं थोडा विचार केला. “काढून टाका,” ती म्हणाली. “सिस्टरला उगंच हेलपाटा.”

परिचारिका मागे उभी होती. तिनं पिशवीतून यादी काढली, पेन माझ्या हातात दिलं. यादी भिंतीला टेकवून मी त्या नावावर रेघ मारली, बाजूला तारीख आणि माझी सही केली. मुलीनं वाकून बघितलं, नाव बरोबर आहे ना ते.