एकतीस मे धरून

वाशीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी करारनामे तपासायचो. उरणला माझी मावशी आणि तिच्या शेजारणी ज्या भाड्याच्या जागेत बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकवायच्या, त्या जागेचा करारही आमच्याकडेच तयार झाला. सही करण्याआधी मावशीने एवढंच विचारलं, "तू वाचलास ना?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या कलमात मुदत "एक ऑक्टोबर धरून ते एकतीस मे धरून" अशी होती. शेवटच्या परिशिष्टात मात्र "एकतीस मे वगळून" असं राहून गेलं होतं. परिशिष्ट मी नुसतं चाळलं होतं.

एकतीस मेच्या सकाळी मालकाची माणसं बुलडोझर घेऊन आली. मावशीने फोन केला, "आजचा दिवस आमचा हाय ना रे?" मी करार उघडला आणि तो एक शब्द दिसला. फोनमधून बांबू मोडल्याचे आवाज येत होते.

पुढे परिशिष्टापेक्षा मूळ कलम वरचढ ठरतं म्हणून मालकाने तो दिवस बायकांचाच होता हे मान्य केलं. पण अर्धवट सुकलेली मासळी तेव्हाच मातीत गेली होती. पुढच्या वर्षीचा करार मावशीने दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला, आणि मला ते शेजारणीकडून कळलं.