लाल पेन्सिली आणि भिंग

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली म्हणून साहेबांनी कचेरीत भेटींचा कार्यक्रम काढला. ऑगस्ट कोरडा चाललेला, टँकरची मागणी दारात उभी, अन् ह्यांना भेटी सुचत होत्या! डब्यातून चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव येईल त्याला भेट आणायची, देणाऱ्यानं नाव सांगायचं नाही.

शेषेराव उमरीकरांनी चिठ्ठी डोळ्यांपासून हातभर लांब धरली. सिंधु कांबळे! टँकरची यादी शेषेराव करत, सिंधुबाई तपासत, आणि रोज लाल खुणा मारून परत पाठवत. शेषेरावांनी वैतागून तिच्यासाठी डझनभर लाल पेन्सिली घेतल्या. मार म्हणावं खुणा!

खरं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर जवळचं अंधुक दिसत होतं. शेजारच्या टेबलावरच्या अमृतरावांना जाड चष्मा लागला आणि त्यांना थेट रेकॉर्ड रूममध्ये टाकलं होतं. टेबल गेलं की हेडक्लार्कीची बढती गेली, म्हणून शेषेराव अंदाजानं आकडे मांडत.

पुडक्यांवर नावं चिकटवायचं काम शरणप्पा शिपायाचं. कचेरीला दिवसाला एक घागर पाणी. म्हणून त्यानं चिकटवायची खळ घट्टच केली. उन्हानं कागद सुटले आणि दोन चिठ्ठ्या त्यानं आठवेल तशा परत लावल्या.

शेषेरावांच्या पुडक्यात भिंग निघालं. सोबत लाल पेन्सिलीचं अक्षर: ‘आता बारीक अक्षर सुखानं वाचा.’ लाल पेन्सिल वापरणारं कचेरीत एकच माणूस. शेषेराव तडक तिच्या टेबलाशी गेले.

“बाई, मला दिसत न्हाई हे सगळ्या कचेरीला सांगायचं हाय का तुमाला?”

सिंधुबाईंच्या पुढ्यात पेन्सिलींचं पुडकं उघडंच होतं. “ते अमृतरावांसाठी आणलंय, शेषेराव. तुमच्या भेटीचे रुमाल चुकून त्यांच्याकडं गेलेत.” मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे तुमाला खरंच दिसत न्हाई?”

झालं! स्वतःच्याच तोंडानं घात. आता ही साहेबांकडे जाणार.  शेषेराव समोरच्या खुर्चीत बसले.

“काल जळकोटकडच्या तांड्याला तुमी तीनच्या जागी दोन खेपा लिहिल्या,” त्या म्हणाल्या. “मी धरलं म्हणून बरं. मला वाटायचं, तुमाला गरिबाची फिकीर न्हाई.”

“लई फिकीर हाय, बाई. टेबलाचीबी हाय.”

सिंधुबाई उठल्या. भिंग अमृतरावांना देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी शेषेराव घाबरतच आले. साहेबांनी बोलावलं नव्हतं. टेबलावर टँकरची यादी होती: प्रत्येक गाव, प्रत्येक आकडा बोटाएवढ्या लाल अक्षरात. त्यांच्याच पेन्सिलींनी लिहिलेली.

“चष्मा होईस्तोवर असंच लिहीन,” सिंधुबाई म्हणाल्या. “पण रविवारी डॉक्टरकडं जायचं, शेषेरावभाऊ. अकरा पेन्सिलीच उरल्यात.”