रागावलेल्या ग्राहकाचं कार्ड

आमची रक्त-लघवी तपासायची लॅब. मुख्य लॅब विरारला आणि नमुने घेण्याची केंद्रं वसई, नालासोपारा अशी विखुरलेली. मी तिथे गुणवत्तेचं काम बघायचे, म्हणजे फ्रिजचं तापमान लिहिलं का, नळीवर लेबल नीट चिकटलं का, असं. माणसांच्या वागण्याशी माझा संबंध नव्हता. पण लॅबच्या मालकीणबाई, आमच्या डॉक्टर मॅडम, यांनी कुठल्याशा सल्लागाराकडून ग्राहकसेवेच्या प्रशिक्षणाच्या स्लाइड घेतल्या आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"यावरून रोल-प्ले बसवा. प्रसंग तयार करा आणि बघणाऱ्यासाठी चेकलिस्ट करा."

"मॅडम, मी?"

"गुणवत्ता तुमच्याकडेच आहे ना?"

मी स्लाइड घेऊन बाहेर आले.

स्लाइड मुळात हॉटेलवाल्यांसाठी केलेल्या होत्या. पहिल्याच उदाहरणातल्या पाहुण्याची खोली तयार नव्हती आणि त्याला सरबत देण्यात आलं होतं. आमच्याकडे लोक उपाशीपोटी येतात, सरबत दिलं तर साखरेची तपासणी वाया जाते. ते उदाहरण मी काढलं. बाकी स्लाइडचा सारांश चार सूचनांत होता: ऐका, माफी मागा, मार्ग काढा, आभार माना. मी दोन संध्याकाळी बसून त्याचा पहिला प्रसंग केला. 'रागावलेला ग्राहक. रिपोर्ट मिळालेला नाही.' चेकलिस्टही केली: हसतमुखाने स्वागत केले, आपुलकी दाखवली, संयम ठेवला. प्रत्येकाला पाचपैकी गुण. छापून घेतल्यावर ती चांगली दिसत होती.

रविवारी दुपारी वसईतल्या माणिकपूरच्या केंद्रावर, वरच्या खोलीत, आम्ही तो प्रसंग करून पाहिला. खाली रिक्षा स्टँड, त्यामुळे खिडक्या लावून घेतल्या. काउंटरवर बसायला माणिकपूरचीच सीनियर रिसेप्शनिस्ट होती. ती जवळच्याच एका गावातली, बोलायला गोड आणि कामाला पक्की. ग्राहक व्हायला कुणी तयार होईना, म्हणून मॅडमनी हिशेब बघणाऱ्या काकांना बसवलं. काका चांदीप गावचे, घरची शेती अजून आहे. ऑफिसात ते इतकं जपून बोलत की प्रत्येक शब्द कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा वाटे. त्यांनी कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

पहिला प्रयोग लवकरच आटोपला. काका म्हणाले, "माझा रिपोर्ट मिळाला नाही." रिसेप्शनिस्ट म्हणाली, "अगंबाई! थांबा हं, बघते." ती कॉम्प्युटरमध्ये बघू लागली. काका म्हणाले, "बरं." प्रयोग संपला.

मॅडम आणि मी, दोघी निरीक्षक. 'आपुलकी दाखवली' याला मी चार गुण दिले होते, मॅडमनी एक.

"'अगंबाई' म्हणाली की ती," मी म्हटलं.

"ग्राहकाकडे बघितलं नाही. स्क्रीनकडे बघत होती."

"रिपोर्ट स्क्रीनवर असतो, मॅडम," रिसेप्शनिस्ट म्हणाली.

घरी जाताना मला कळलं की आम्ही दोघींनी तिची आपुलकी मोजलीच नव्हती. आपल्या मनात आलेलं कागदावर लिहिलं, एवढंच. डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही ते चेकलिस्टमध्ये घालून उपयोग नाही. मग मी सगळं नव्याने लिहिलं. 'ग्राहकाची अडचण स्वतःच्या शब्दांत परत सांगितली का?' 'रिपोर्ट कशासाठी हवा, हे विचारलं का?' 'पुढे काय होईल आणि कधी, हे सांगितलं का?' उत्तर फक्त हो, नाही किंवा 'संधी आली नाही'. आणि प्रत्येक ओळीपुढे मोकळी जागा: कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे. मत लिहायचं नाही. निरीक्षकाने मध्ये बोलायचं नाही. शेवटी चर्चेत आधी काउंटरवालीने बोलायचं, मग ग्राहकाने, निरीक्षकाने सगळ्यांत शेवटी.

कार्डंही दोन केली. काउंटरच्या कार्डावर इतकंच की अमुक पेशंटचा रिपोर्ट स्क्रीनवर 'प्रलंबित' दिसतो आहे. ग्राहकाच्या कार्डावर जास्त मजकूर, आणि तो काउंटरवालीला दाखवायचा नाही. तुमच्या बायकोचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे. रक्त गोठण्याच्या तपासणीचा रिपोर्ट आज दिला नाही तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील. हे आपणहून सांगायचं नाही, विचारलं तरच सांगायचं. 'बघते', 'होईल', 'थांबा' असं ऐकलं की आवाज थोडा चढवायचा. नक्की वेळ सांगितली की शांत व्हायचं. हे शेवटचं मी मुद्दाम घातलं. मागच्या वेळी काका कशाने शांत झाले, ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे जमलो. काकांनी चष्मा पुसून कार्ड वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि उठून उभे राहिले.

रिसेप्शनिस्ट तयारीने आली होती. तिने काकांकडे बघितलं, बसायला सांगितलं, म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, परत सांगितलं. "म्हणजे तुम्हाला काल मिळायला हवा होता तो अजून आलेला नाही. त्रास झाला, त्याबद्दल माफ करा. कशासाठी लागतोय, सांगाल का?"

"उद्या बायकोचं ऑपरेशन आहे."

"अरे देवा. मुख्य लॅबला लगेच मेसेज टाकते."

"मग कधी मिळेल?"

"त्यांचं उत्तर आलं की सांगते."

"ते कधी येईल?"

ती थांबली. काकांनी कार्डाप्रमाणे आवाज थोडा चढवला. तिने पुन्हा माफी मागितली. त्यांनी आणखी चढवला. आणि त्यातच त्यांचं ऑफिसातलं बोलणं गळून पडलं.

"अवो बाई, कोनाला विचारू मी? तुमी इथं बसलाय ना? पानीसुद्धा प्यायलेली नाय ती सकाळपासून!"

मी कागदावर खुणा करत होते. एक ओळ सोडली तर सगळीकडे 'हो' होतं. काका मात्र शांत होईनात. त्यात चूक त्यांची नव्हती, कार्डात तसंच लिहिलेलं होतं. दार वाजलं. खालचा एक रिक्षावाला वर आला होता. "काय झालं, ताई? कुनी त्रास देतोय का?"

"प्रशिक्षण चाललंय," मी म्हटलं.

त्याने काकांकडे नीट बघून घेतलं आणि गेला.

रिसेप्शनिस्टने पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी आता काय सांगू? काउंटरवरून मुख्य लॅबला फोन करायचा नाही, फक्त ग्रुपवर मेसेज टाकायचा, असा नियम आहे. ते बघतील तेव्हा बघतील. खोटी वेळ सांगू का?"

"अंदाजे सांगायची," मॅडम म्हणाल्या.

काका अजून उभेच होते. "अंदाजानं ऑपरेशन करनार काय?"

मग काका एकदम खाली बसले आणि "सॉरी मॅडम, कार्डात होतं," असं पुन्हा कापसातल्या आवाजात म्हणाले.

मॅडमचंही चुकीचं नव्हतं. पूर्वी दर मिनिटाला फोन वाजायचे, तंत्रज्ञांचं लक्ष उडायचं, म्हणून तो नियम आला होता. त्यांनी थोडा विचार केला आणि मला म्हणाल्या, "प्रसंग बदला. रिपोर्ट तयार आहे, असं ठेवा."

मी बदलला. दुसऱ्या जोडीने तो केला. ग्राहक रागावून आला, रिपोर्ट मिळाला, ग्राहक गेला. सगळ्या ओळींवर 'हो'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी लिहिलेल्या नियमांत एक असाही होता की तिघांनी भूमिका बदलायच्या. काउंटर, ग्राहक, निरीक्षक, प्रत्येकाची पाळी. कोण सुटलं, असं विचारल्यावर रिसेप्शनिस्टने मान खाली घालून सांगितलं, "मॅडम राहिल्यात."

मॅडम खिलाडू वृत्तीच्या. येऊन काउंटरवर बसल्या. रिसेप्शनिस्ट ग्राहक झाली, काका निरीक्षक. कुठलं कार्ड घ्यायचं ते ग्राहकाने ठरवायचं होतं. तिने पहिलंच उचललं, ऑपरेशनचं. मी आडकाठी केली नाही.

मॅडम उत्तम बोलल्या, हॉटेलवाल्यांनाही जमणार नाही इतकं. 'कधी' हा प्रश्न आला तेव्हा त्यांचा हात सवयीने पर्समध्ये गेला. त्यांनी मोबाइल काढला आणि मुख्य लॅबला फोन लावला. खराखुरा. रविवारच्या पाळीवरच्या तंत्रज्ञाने उचललाही. "वसईच्या त्या पेशंटचा, उद्या ऑपरेशन आहे, किती वाजेपर्यंत देताय?" त्या बिचाऱ्याने घाबरून नमुना क्रमांक विचारला. कार्डावर क्रमांक नव्हता. "शोधतो मॅडम, दहा मिनिटांत सांगतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

"दहा मिनिटांत सांगतील," मॅडम ग्राहकाला म्हणाल्या.

रिसेप्शनिस्ट कार्डाप्रमाणे लगेच शांत झाली. "थँक्यू," म्हणाली. मग जरा थांबून, "पण मॅडम, हे आम्हाला चालत नाही."

चर्चेची पाळी आली. काकांनी आपला कागद वाचून दाखवला. त्यावर मत नव्हतं. "'पुढे काय होईल आणि कधी, हे सांगितलं का?' हो. ऐकलेले शब्द: दहा मिनिटांत सांगतील. आधी मुख्य लॅबला फोन केला."

मॅडमनी तो कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. तेवढ्यात तंत्रज्ञाचा फोन आला, नमुना कुठेच सापडत नाही, हरवला वाटतं, त्याचा आवाज रडवेला झालेला. पेशंटच नाही, हे त्याला समजावण्यात बराच वेळ गेला.

त्या आठवड्यात मुख्य लॅबमध्ये एक वेगळा मोबाइल आला. फक्त केंद्रांसाठी, आणि फक्त ऑपरेशनचे किंवा दवाखान्यात दाखल असलेले पेशंट असतील तर. तो पाळीच्या प्रमुखाने उचलायचा, तंत्रज्ञांनी नाही. काउंटरवरच्या मुलींना नंबर दिला गेला. मॅडमनी मला सांगितलं, "तो जुना प्रसंग परत घाला."

त्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. रिसेप्शनिस्टने एका खऱ्या ग्राहकाला "कशासाठी लागतोय?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" मग आम्ही तो प्रश्न जरा लांबवला: लवकर हवा असेल तर प्रयत्न करता येईल, म्हणून विचारते. आता बहुतेक लोक सांगतात. तो मोबाइल काही वेळा उचलला जात नाही. तेव्हा पुन्हा ग्रुपवर मेसेज.

काकांना मग बाकीच्या केंद्रांवरूनही बोलावणी येऊ लागली. त्यांच्याइतका चांगला रागावणारा दुसरा कुणी नव्हता. एकदा नालासोपाऱ्याहून परत येताना, रिक्षात, त्यांनी मला आपणहून सांगितलं, "मला वाटलं होतं, मला राग येतच नाही."

"मग?"

"येतो की," ते म्हणाले. "चांगला येतो." आणि समोर बघत प्रसन्न चेहऱ्याने बसून राहिले.