हिरवी खूण आणि मुकी पानं

ग्रंथालयात तिला सगळे झेरॉक्सताई म्हणत. सुरुवातीला ती चिडायची. "अहो, झेरॉक्स वेगळं, स्कॅन वेगळं," असं समजावून सांगायची. बावीस वर्षांत समजावणं संपलं, नाव राहिलं.

तळमजल्यावरच्या खोलीत तिचं टेबल होतं, शेजारी स्कॅनर. डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्या सभासदांसाठी पुस्तकं स्कॅन करून ग्रंथालयाच्या साइटवर चढवायची, हे तिचं काम. सभासद घरी फाइल उतरवून घेत आणि त्यांचा कॉम्प्युटर ती मोठ्यानं वाचून दाखवी. या कामाचा तिला अभिमान होता. घरी सासूबाई कोणालाही सांगत, "आमची सून आंधळ्यांना वाचून दाखवते." तीही ते खोडून काढत नसे.

तिच्या सभासदांत एक ऑपरेटर होते. मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वीस वर्षं नोकरी, जन्मापासून दृष्टी नाही, आणि आवाज असा की रात्रपाळीच्या नर्सबाईसुद्धा कामाशिवाय फोन लावत. खात्याची परीक्षा पास झाली तर ते पर्यवेक्षक होणार होते. वयाच्या अटीमुळे त्यांना यंदा आणि पुढच्या वर्षी, असे दोनच प्रयत्न उरले होते. नियमांचं पुस्तक अकरा प्रकरणांचं. चार प्रकरणं तिनं जुन्या स्कॅनरवर करून दिली होती. मग नवं मशीन आलं आणि उरलेली सात तिनं एका आठवड्यात उरकली.

"ताई, पाचवं प्रकरण बोलत नाही," त्यांचा फोन आला. "नुसतं म्हणतंय, डॉक्युमेंट रिकामं आहे."

तिनं स्क्रीनवर पाचवं प्रकरण उघडलं. अक्षरं कशी स्वच्छ, मोत्यासारखी.

"माझ्याकडे तर छान दिसतंय हो. तुमचंच मशीन जरा दाखवून घ्या."

"असेल बुवा. म्हातारं झालंय तेही, माझ्यासारखं," ते हसले.

मशीन दुरुस्तीला गेलं. तीन आठवडे दुकानातच पडून होतं, कारण दुरुस्तीवाल्याला त्यात काही सापडेना. शेवटी तोच लॅपटॉप काखेत घेऊन ग्रंथालयात आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोलायला तिखट.

"ताई, मशीन ठणठणीत आहे. तुमच्या फाइलला वाचा नाही."

"म्हणजे?"

"चौथं प्रकरण उघडा. आता एका शब्दावर माऊस ओढा."

शब्द निळा झाला. शेजारचाही झाला.

"आता पाचव्यात तेच करा."

तिनं माऊस ओढला. शब्द काही निळा झाला नाही. पुन्हा ओढला, तर पानावर नुसती एक चौकट उमटली.

"आता शोधा. 'नियम' हा शब्द टाका."

पानाच्या पहिल्याच ओळीत 'नियम' होता. कॉम्प्युटर म्हणाला, सापडला नाही.

"हा पानाचा फोटो आहे, ताई. तुम्हाला अक्षरं दिसतात, त्याला चित्र दिसतं. आणि त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, चित्रातलं मराठी त्याला वाचता येत नाही. स्कॅन करताना मजकूर ओळखायची खूण असते ना, ती तुमच्या नव्या मशीनवर बंदच राहिलेली दिसतेय. सातव्याची तर कमालच. साइज बघा."

सातव्या प्रकरणापुढे आकडा होता शून्य.

"पण अपलोड झालं होतं! हिरवी खूण आली होती!"

"खूण येणारच. फाइल पोचली. आत काही आहे की नाही, ते ती कशाला बघेल? दारात पाकीट टाकणारा पोस्टमन पाकीट उघडून वाचतो होय?"

तिला ती संध्याकाळ आठवली. साडेपाच वाजले होते, बस गाठायची होती. फाइल पेनड्राइव्हवर पुरती उतरायच्या आत तिनं तो ओढून काढला होता, पलीकडच्या कॉम्प्युटरला लावला होता आणि हिरवी खूण बघून पर्स उचलली होती.

"त्यांना काय सांगू?" दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप मिटला.

तिच्या तोंडून निघून गेलं, "सांगा... झालं दुरुस्त."

त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "मी काहीच सांगत नाही. तुमचं तुम्ही बघा."

परीक्षेला अठरा दिवस होते. तिनं मजकूर ओळखायची खूण चालू केली आणि सातही प्रकरणं पुन्हा काढली. पाचव्या प्रकरणाचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहिला, तर सगळी भलतीच अक्षरं, जणू कोणी रागानं की-बोर्ड बडवला होता. मशीनमध्ये भाषा इंग्रजी होती. ती मराठी केली. मग मजकूर आला, पण कलमांचे आकडे चुकलेले, तीनचा आठ झालेला. ते तिनं पुस्तक शेजारी ठेवून हातानं सुधारले. प्रत्येक फाइल चढवल्यावर वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवर जाऊन ती साइटवरून उतरवून घेतली, साइज पाहिली, शब्द शोधला, पहिलं, मधलं आणि शेवटचं पान उघडलं. शेवटी स्क्रीन बंद करून नुसतं ऐकलं. ही सगळी तपासणी एका फाइलला दहा मिनिटांचं काम होतं. चार दिवस घरी उशिरा गेली. नवरा म्हणाला, "मशीनची चूक ती तू का अंगावर घेतेस?" ती त्याच्यावर एवढी भडकली की तो ताट घेऊन टीव्हीसमोर गेला.

पाचव्या दिवशी ऑपरेटरच्या बायकोचा फोन. "ताई, देव तुमचं भलं करो. बोलायला लागलं हो मशीन! आमच्या ह्यांनी त्याला इतक्या शिव्या दिल्या होत्या, आता त्याची माफी मागतायत." मागून ते हसत होते. तीही हसली. फोन ठेवल्यावर तिनं हात धुतले, का ते तिलाच कळलं नाही.

निकाल लागला. तीन पेपर पास, नियमांच्या पेपरात सहा मार्क कमी.

ती इस्पितळात गेली. एक्स्चेंजची खोली अरुंद होती, भिंतीला टेबल, कानाला हेडफोन लावलेले ते.

"या ताई. पावलावरून ओळखलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मशीननंच दगा दिला."

"मशीननं नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "मी दिला." आणि सगळं सांगितलं. फोटो, शून्य, साडेपाचची बस. दुरुस्तीवाल्याला काय म्हणाली, तेही.

मध्ये तीनदा फोन वाजला. तिन्ही वेळा त्यांनी त्याच गोड आवाजात फोन जोडून दिला. मग हेडफोन गळ्यात घेतला.

"तीन आठवडे मी त्या दुकानाबाहेर बाकावर बसायचो, ताई. रोज. आज तरी देतील म्हणून."

तिनं पर्स खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

"राग येतोय. पण मला एकदम रागावता येत नाही, वेळ लागतो." त्यांनी खण चाचपून कोरा कागद काढला. "खात्याला लिहून द्या. साहित्य वाचता येत नव्हतं, कोणाच्या चुकीनं, कधीपासून. फेरपरीक्षा देतील न देतील, पण हा प्रयत्न माझ्या दोनांत धरू नये."

"ग्रंथपालांना विचारून..."

"विचारा नंतर. आता लिहा. इथंच. मला वाचून दाखवा."

तिनं लिहिलं. मग वाचून दाखवलं, 'माझ्या चुकीमुळे' हे शब्दही. खाली सही केली, तारीख घातली.

त्यांनी मान हलवली. "एक राहिलं. तुम्ही मला मशीन दुरुस्तीला द्यायला लावलंत, आणि खरं कळल्यावरही गप्प बसलात. तेही घाला."

ती पुन्हा पेन घेऊन वाकली.